दुसऱ्याने लिहिलेली टेस्ट केस वाचताना

प्रस्तावना

सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामात सहकाऱ्याच्या टेस्ट केसेसचा रिव्ह्यू प्रत्येकाच्या वाट्याला येतो, पण तो कसा करायचा हे फारसं कुणी शिकवत नाही. टेस्ट केस लिहायला वर्गात शिकवतात, बग नोंदवायला पहिल्या नोकरीत शिकवतात. रिव्ह्यूसाठी मात्र एक एक्सेल शीट हातात येते. त्यात प्रश्न असतात : टेस्ट केसेस स्पष्ट आहेत का? सगळ्या रिक्वायरमेंट्स कव्हर झाल्या आहेत का? पुनरावृत्ती टाळली आहे का? वाचणारा संच वरून खाली वाचतो, एखादी शुद्धलेखनाची चूक दाखवतो, तिन्ही प्रश्नांपुढे 'होय' लिहितो आणि शीट परत पाठवतो.

हे तिन्ही प्रश्न योग्यच आहेत. अडचण अशी की त्यांची उत्तरं काहीही न करता देता येतात. या तीन प्रश्नांपुढे 'होय' लिहिण्याआधी नेमकं काय करून पाहायचं, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. स्पष्टता, राहून गेलेल्या जागा आणि पुन्हा पुन्हा आलेल्या पायऱ्या हे तीन भाग पुस्तिकेत वेगवेगळे घेतले आहेत, आणि तिन्ही भागांत एकाच उदाहरणावर काम केलं आहे.

उदाहरण कांद्याचं आहे. नाशिकमध्ये टेस्टिंग करणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी शेती आहे. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीतली विक्रीपट्टी कशी दिसते, हे त्यांना सांगावं लागत नाही. सरावासाठी बँकेचं किंवा विमान-तिकिटाचं उदाहरण घेतलं की निम्मा वेळ तो व्यवहार समजण्यातच जातो. कांद्याचं तसं होत नाही, आणि सगळं लक्ष टेस्ट केसवर राहतं.

२०२३ च्या सुरुवातीला लेट खरीप लाल कांद्याचे भाव कोसळले, तेव्हा महाराष्ट्र शासनाने कांदा विकलेल्या शेतकऱ्यांसाठी अनुदान जाहीर केलं. दर क्विंटलला ३५० रुपये, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, आणि विक्री १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळातली हवी. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती. सातबारा वडिलांच्या नावे आणि विक्रीपट्टी मुलाच्या नावे असेल, तर सहमतीचं शपथपत्र लागत होतं. मूळ योजनेत याखेरीजही अटी होत्या. पुस्तिकेसाठी त्यांतले पाच नियम घेतले आहेत :

१. पट्टीवरची विक्रीची तारीख १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ यांच्या दरम्यान असावी. हे दोन्ही दिवस धरून.
२. अनुदान दर क्विंटलला ३५० रुपये.
३. एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलचं अनुदान.
४. सातबाऱ्यावर कांदा पिकाची नोंद असावी.
५. सातबारा वडिलांच्या नावे आणि पट्टी मुलाच्या नावे असल्यास सहमतीचं शपथपत्र जोडावं.

या नियमांवर अनुदानाची रक्कम काढणारं एक ॲप आहे असं आपण समजू. हे ॲप सरावापुरतं आहे. शासनाने प्रत्यक्ष वापरलेल्या कोणत्याही यंत्रणेशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी सहकाऱ्याने लिहिलेला आठ टेस्ट केसेसचा संच आपल्याकडे रिव्ह्यूला आला आहे :

टीसी १ : योग्य माहिती भरून अर्ज करणे. अपेक्षित : अनुदान बरोबर दिसावे.
टीसी २ : एक पट्टी, २०० क्विंटल. अपेक्षित : ७०,००० रुपये.
टीसी ३ : एक पट्टी, २५० क्विंटल. अपेक्षित : ७०,००० रुपये.
टीसी ४ : एक पट्टी, ३०० क्विंटल. अपेक्षित : ७०,००० रुपये.
टीसी ५ : पट्टीची तारीख ३१ जानेवारी २०२३. अपेक्षित : पट्टी नाकारली जावी.
टीसी ६ : पट्टीची तारीख १० जानेवारी २०२३. अपेक्षित : पट्टी नाकारली जावी.
टीसी ७ : दोन पट्ट्या, १२० आणि ६० क्विंटल. अपेक्षित : ६३,००० रुपये.
टीसी ८ : सातबारा वडिलांच्या नावे, पट्टी मुलाच्या नावे, शपथपत्र जोडलेले. अपेक्षित : अर्ज स्वीकारला जावा.

संच वाईट नाही. कमाल मर्यादा तपासली आहे, तारीख तपासली आहे, एकापेक्षा जास्त पट्ट्यांचा विचार केला आहे, शपथपत्रही सुटलेलं नाही. घाईत वाचणारा इथे तिन्ही 'होय' लिहून मोकळा होईल. म्हणूनच हा संच निवडला आहे.

संच उघडण्याआधी

पहिली पायरी चेकलिस्टमध्ये क्वचितच असते. सहकाऱ्याचा संच उघडण्याआधी नियम वाचायचे आणि आपण स्वतः काय काय तपासलं असतं याची एक कच्ची यादी करायची. पाच नियमांना दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पूर्ण टेस्ट केसेस लिहायच्या नाहीत; 'तारखेची दोन्ही टोकं', 'दोन पट्ट्या मिळून २०० च्या वर', 'सातबाऱ्यावर नोंद नाही' अशा तुटक ओळी चालतात.

असं करण्याचं कारण साधं आहे. लिहिलेलं वाचून न लिहिलेलं दिसत नाही. सहकाऱ्याचा संच एकदा वाचला की आपला विचारही त्याच्याच वाटेने चालू लागतो : टीसी ३ वाचून आपण २५० चा गुणाकार बरोबर आहे का ते पाहतो, आणि २५० क्विंटल दोन बाजार समित्यांत विभागून विकले तर काय, हा प्रश्न मनात येतच नाही. हातात आधीच केलेली यादी असेल तर तुलना करता येते. आपल्या यादीत आहे आणि संचात नाही, ती कदाचित राहून गेलेली जागा. संचात आहे आणि आपल्या यादीत नाही, ते सहकाऱ्याकडून आपण शिकलो.

पहिली फेरी : स्पष्टता

टेस्ट केस स्पष्ट आहे का, हे ठरवण्याची एक कसोटी सांगता येते. ज्यांनी ती लिहिलेली नाही अशा दोघांनी ती वेगवेगळ्या दिवशी चालवली, तर दोघे सारखीच माहिती भरतील का? आणि स्क्रीनवर काही दिसल्यावर पास की फेल याबद्दल दोघांचं एकमत होईल का?

टीसी १ या कसोटीवर लगेच अडकते. 'योग्य माहिती' म्हणजे किती क्विंटल, कोणत्या तारखेची पट्टी? 'अनुदान बरोबर दिसावे' म्हणजे किती? चालवणारा स्क्रीनवर आलेला आकडा पाहून तो बरोबरच असेल असं धरून चालतो. मग ॲपने चुकीचं उत्तर दिलं तरी टेस्ट पास होते. हीच केस अशी लिहिता येते : लासलगाव, विक्रीची तारीख १५ फेब्रुवारी २०२३, वजन ४० क्विंटल, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद आहे, अपेक्षित रक्कम १४,००० रुपये. आता ॲपने दुसरा कुठलाही आकडा दाखवला तर वादाला जागा उरत नाही.

टीसी २, ३, ४ आणि ७ मधला दोष त्याहून लपलेला आहे. त्यांत वजन आणि रक्कम नेमकी आहे, म्हणून त्या स्पष्ट वाटतात. पण पट्टीची तारीख कुठेच नाही. लिहिणाऱ्याच्या मनात ती मुदतीतली आहे. चालवणाऱ्याने तारखेच्या रकान्यात आपोआप आलेली आजची तारीख तशीच ठेवली, तर ॲप पट्टी नाकारेल आणि कमाल मर्यादेचा बग म्हणून चुकीची नोंद होईल. त्यापेक्षाही वाईट म्हणजे तारखेची तपासणी ॲपमध्ये बंद पडलेली असेल, तर टेस्ट पास होईल आणि कुणाच्या काही लक्षातच येणार नाही. म्हणून चेकलिस्टमधला प्रश्न 'माहिती दिली आहे का?' इतका मोघम नको. तो असा हवा : निकालावर परिणाम करणारा प्रत्येक रकाना कोणता, आणि त्याची किंमत या टेस्ट केसमध्ये लिहिली आहे का? या प्रश्नाचं उत्तर द्यायला आधी रकाने मोजावे लागतात.

टीसी ५ आणि ६ मध्ये तारीख आहे, पण निकाल अर्धवट आहे. 'नाकारली जावी' म्हणजे नेमकं काय? पट्टी सेव्हच होऊ नये, की सेव्ह व्हावी पण तिचं अनुदान शून्य दिसावं? एका अर्जात तीन पट्ट्या असतील आणि एकच मुदतीबाहेरची असेल, तर अख्खा अर्ज अडावा की तेवढी पट्टी वगळून बाकीची रक्कम यावी? शेतकऱ्याच्या दृष्टीने या दोन्हींत मोठा फरक आहे. २८ मार्चची ९० क्विंटलची पट्टी आणि ३ एप्रिलची ५० क्विंटलची पट्टी असेल, तर पहिल्या अर्थाने त्याला काहीच मिळत नाही आणि दुसऱ्या अर्थाने ३१,५०० रुपये मिळतात. अपेक्षित निकालात डोळ्यांना दिसणारी गोष्ट लिहिलेली असावी : रक्कम, संदेश किंवा अर्जाची स्थिती.

कधी कधी अपेक्षित निकाल लिहिताच येत नाही, कारण नियमच गप्प असतो. पट्टीवर वजन ४३.६५ क्विंटल असेल तर ३५० च्या दराने १५,२७७ रुपये ५० पैसे होतात. पैसे तसेच ठेवायचे, वर न्यायचे की सोडून द्यायचे? आपल्या पाच नियमांत याचं उत्तर नाही. अशा वेळी टेस्ट केस लिहिणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. तो प्रश्न नियम ठरवणाऱ्याकडे जायला हवा, आणि रिव्ह्यूच्या नोंदीत तो 'नियमाबद्दलचा प्रश्न' म्हणून वेगळा दिसायला हवा. ॲप बांधून झाल्यावर तो विचारला, तर प्रोग्रामरने स्वतःच्या समजुतीने काहीतरी ठरवून टाकलेलं असतं.

दुसरी फेरी : राहून गेलेल्या जागा

स्पष्टतेची फेरी आधी घेण्याचं कारण इथे कळतं. टीसी १ आहे त्या स्वरूपात कोणता नियम तपासते हे सांगता येत नाही, त्यामुळे कव्हरेजच्या हिशेबात ती धरताच येत नाही.

या फेरीसाठी कागदावर एक साधा तक्ता करायचा. डावीकडे पाच नियम, आणि प्रत्येकापुढे तो तपासणाऱ्या टेस्ट केसेसचे क्रमांक. आपल्या संचात नियम १ पुढे टीसी ५ आणि ६ येतात. नियम २ पुढे टीसी २ आणि ७, नियम ३ पुढे टीसी २, ३, ४, नियम ५ पुढे टीसी ८. नियम ४ पुढे काहीच येत नाही. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नसलेला अर्ज कुणी करूनच पाहिलेला नाही. ही पहिल्या प्रकारची राहून गेलेली जागा, आणि ती सापडायला सर्वांत सोपी, कारण तक्त्यात मोकळी ओळ दिसते. प्रत्यक्ष योजनेतही ही अट अडचणीची ठरली. ई-पीक पाहणीत नोंद नसलेल्या शेतकऱ्यांसाठी पुढे गावपातळीवरच्या समितीने पाहणी करण्याची वाट काढावी लागली. नियम असा बदलला की त्याच्यापुढे लिहिलेल्या क्रमांकांवरून कोणत्या टेस्ट केसेस पुन्हा लिहायच्या तेही कळतं.

दुसऱ्या प्रकारच्या जागेत ओळ भरलेली दिसते, पण ती अर्धीच भरलेली असते. नियम १ ला दोन टोकं आहेत. संचातल्या दोन्ही केसेस १ फेब्रुवारीच्या अलीकडच्या आहेत. खुद्द १ फेब्रुवारी, खुद्द ३१ मार्च आणि १ एप्रिल या तिन्ही तारखा नाहीत. प्रोग्राममध्ये 'दोन्ही दिवस धरून' हे शब्द तुलनेच्या चिन्हांत उतरतात, आणि `<=` च्या जागी `<` पडलं की ३१ मार्चला माल विकलेला प्रत्येक शेतकरी बाहेर राहतो. टीसी ५ आणि ६ शंभर वेळा चालवल्या तरी ही चूक पकडली जाणार नाही. टोकांवरच्या किमती तपासण्याची पद्धत जुनी आहे. ग्लेनफोर्ड मायर्स यांच्या १९७९ च्या टेस्टिंगवरच्या पुस्तकात ती नीट मांडलेली आहे. रिव्ह्यू करणाऱ्याने ती प्रत्येक नियमाला लावून पाहायची : टोक किती, टोकावरची किंमत आहे का, टोकाच्या लगत पलीकडची आहे का? नियम ३ मध्ये २०० आहे, पण २०० च्या लगतचं २००.०१ नाही. नियम ५ मध्ये शपथपत्र जोडलेली केस आहे, पण शपथपत्र न जोडता अर्ज केला तर काय होतं ती नाही.

तिसऱ्या प्रकारची जागा सर्वांत फसवी असते. टीसी ३ मध्ये २०० पेक्षा जास्त वजन आहे. टीसी ७ मध्ये दोन पट्ट्या आहेत. दोन्ही गोष्टी तपासल्या गेल्या असं वाटतं. आता एका शेतकऱ्याने लासलगावला १२० क्विंटल आणि पिंपळगावला ११० क्विंटल कांदा विकला असं धरा. कमाल मर्यादा शेतकऱ्यासाठी आहे, पट्टीसाठी नाही. प्रोग्रामरने ती चुकून प्रत्येक पट्टीला लावली, तर दोन हिशेब असे होतात :

```
min(120, 200) * 350 + min(110, 200) * 350 = 80500
min(120 + 110, 200) * 350                 = 70000
```

पहिली ओळ चुकीची आहे. तीत शेतकऱ्याला १०,५०० रुपये जास्त जातात. आता हे दोन्ही हिशेब टीसी ३ ला लावून पाहा. पट्टी एकच असल्याने दोन्हींचं उत्तर ७०,००० येतं. टीसी ७ ला लावा. १२० आणि ६० मिळून १८०, म्हणजे मर्यादेच्या आतच, आणि दोन्हींचं उत्तर ६३,००० येतं. आठही टेस्ट केसेस चुकीच्या प्रोग्रामवर पास होतात. दोन गोष्टी सुट्या सुट्या तपासल्या आहेत, पण त्या एकत्र आल्या तरच दिसणारी चूक कुणीच तपासलेली नाही.

अशी जागा शोधण्यासाठी पुस्तिकेत एक प्रश्न सुचवला आहे, आणि माझ्या मते सगळ्या चेकलिस्टमधला तोच सर्वांत मोलाचा आहे : हा नियम प्रोग्राममध्ये कोणत्या चुकीच्या रीतीने लिहिला जाऊ शकतो, आणि त्या चुकीच्या प्रोग्रामवर नापास होणारी टेस्ट केस संचात कोणती आहे? उत्तर देताना टेस्ट केसच्या क्रमांकावर बोट ठेवता आलं पाहिजे. बोट ठेवता आलं नाही, तर ती जागा मोकळी आहे.

तिसरी फेरी : पुनरावृत्ती

पुनरावृत्ती दोन प्रकारची असते आणि दोहोंचा उपाय वेगळा आहे.

एक पायऱ्यांची. आठही टेस्ट केसेस 'ॲप उघडा, लॉगिन करा, जिल्हा निवडा, तालुका निवडा, बाजार समिती निवडा, नवीन अर्ज या बटणावर क्लिक करा' या सहा पायऱ्यांनी सुरू होत असतील, तर खरा फरक सातव्या पायरीपासून दिसतो. वाचणाऱ्याचं लक्ष तिथपर्यंत थकलेलं असतं, आणि लॉगिनची रीत बदलली की आठ ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. सात ठिकाणी दुरुस्ती होते, आठवं राहून जातं. या सहा पायऱ्या एकदाच लिहून त्यांना नाव द्यावं आणि प्रत्येक केसच्या प्रीकंडिशनमध्ये तेवढं नाव लिहावं. अनेक टूल्समध्ये सामायिक पायऱ्यांची सोय असते. एक्सेलमध्ये वेगळी शीट पुरते. मात्र एक सावधगिरी हवी. ज्या पायरीत त्या केसचा प्राण आहे ती सामायिक करू नये. दोन बाजार समित्यांच्या केसमध्ये 'बाजार समिती निवडा' ही पायरी उघडी आणि नावासकट दिसलीच पाहिजे.

दुसरी पुनरावृत्ती हेतूची असते. ती ओळखण्यासाठी प्रत्येक केसपुढे 'ही कोणती चूक पकडेल?' याचं उत्तर एका वाक्यात लिहायचं. टीसी ३ पुढे येतं : 'एका पट्टीचं वजन २०० च्या वर गेलं तरी मर्यादा लागत नाही.' टीसी ४ पुढेही तेच वाक्य येतं. २५० आणि ३०० हे आकडे वेगळे असले तरी हेतू एकच आहे. टीसी ५ आणि ६ चंही तसंच. ३१ जानेवारी टोकालगतची असल्याने ती ठेवायची, १० जानेवारीची गरज उरत नाही. उलट ३१ जानेवारी आणि १ एप्रिल दिसायला सारख्याच, दोन्ही मुदतीबाहेरच्या. पण त्या दोन वेगवेगळ्या तुलना तपासतात, म्हणून दोन्ही हव्यात. आकड्यांवरून किंवा शीर्षकावरून निर्णय केला की नेमकी हवी ती केस कापली जाते.

ही फेरी शेवटी ठेवण्यालाही कारण आहे. राहून गेलेल्या जागा माहीत असल्या की जादा केस पुसण्याऐवजी तिचा उपयोग करता येतो. टीसी ४ मधली ३०० क्विंटलची एक पट्टी काढून तिथे १२० आणि ११० च्या दोन पट्ट्या आल्या की पुनरावृत्तीही गेली आणि मोकळी जागाही भरली. टीसी ६ मध्ये १० जानेवारीच्या जागी १ एप्रिल आली. संच आठचाच राहिला, पण आधी निसटणाऱ्या दोन चुका आता पकडल्या जातात. खुद्द १ फेब्रुवारी, खुद्द ३१ मार्च, २००.०१ क्विंटल, सातबाऱ्याची नोंद आणि शपथपत्र नसलेला अर्ज यांसाठी मात्र नव्या केसेस लागतील.

चेकलिस्ट किती कामाची

एकमेकांचं काम ठरलेल्या रीतीने तपासण्याची पद्धत सॉफ्टवेअरमध्ये रुजवण्याचं मोठं श्रेय आयबीएमच्या मायकेल फेगन यांना जातं. त्यांचा त्यावरचा लेख १९७६ साली आला, आणि त्या पद्धतीत चेकलिस्टला जागा होती. पुढे १९९५ मध्ये पोर्टर, व्होट्टा आणि बासिली यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेरीलँड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना रिक्वायरमेंटची कागदपत्रं तपासायला दिली होती : काहींना चेकलिस्ट देऊन, काहींना काहीही न देता, आणि काहींना विशिष्ट प्रकारच्या चुका शोधण्यासाठी काय काय करायचं हे आखून देऊन. आखून दिलेल्या कामाने वाचणाऱ्यांना जास्त चुका सापडल्या. सर्वसाधारण चेकलिस्ट वापरणारे, काहीच न वापरणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत.

तो प्रयोग रिक्वायरमेंटवरचा होता, टेस्ट केसेसवरचा नव्हे. तरी त्यातून घेण्यासारखं आहे. म्हणून या पुस्तिकेतल्या चेकलिस्टचा प्रत्येक प्रश्न वाचणाऱ्याला काहीतरी करायला लावतो : रकाने मोजा, तक्ता भरा, चुकीचा हिशेब मांडा, एक वाक्य लिहा. चेकलिस्ट एका पानात मावते आणि ती तशीच राहावी. प्रत्यक्ष वापरात एखादा बग निसटला, तर 'कोणत्या प्रश्नाने तो दिसला असता?' हे विचारून नवा प्रश्न घालावा. बऱ्याच रिव्ह्यूंत ज्या प्रश्नाने काहीच सापडलं नाही तो काढून टाकावा. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या ॲपसाठी हीच यादी जशीच्या तशी वापरू नये; तिथल्या चुका वेगळ्या असतात.

आणि काही गोष्टी या वाटेने कधीच सापडणार नाहीत. नियमच चुकीचा असेल तर त्यावरच्या निर्दोष टेस्ट केसेस चुकीच्या ॲपला पास करतील. हजारो शेतकऱ्यांनी शेवटच्या दिवशी एकदम अर्ज केल्यावर ॲप तग धरेल का, हे कागदावर वाचून कळत नाही. रिव्ह्यूचं काम एवढंच : संच चालवण्याआधी त्याला काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे सांगणं.

अभिप्राय कसा लिहावा

पुस्तिकेच्या शेवटच्या भागात अभिप्रायांचे नमुने आहेत. आपल्याकडे नुकतीच लागलेली मुलगी तिच्याहून पाच-सात वर्षं जुन्या सरांच्या टेस्ट केसेस तपासते, तेव्हा ती संकोचून गप्प बसते किंवा शुद्धलेखनापुरतंच बोलते. 'सर, टीसी ७ अपुरी आहे' असं लिहिणं तिला जड जातं, आणि त्या वाक्यातून सरांनाही काही कळत नाही. त्याऐवजी ती असं लिहू शकते : 'टीसी ७ : १२० + ६० = १८०, मर्यादेच्या आत. मर्यादा प्रत्येक पट्टीला लागली असती तरी ६३,००० च आले असते. सर, १२० + ११० घेऊन ७०,००० अपेक्षित ठेवू या का?' यात जागा आहे, कारण आहे, आकडा आहे आणि सूचना आहे. माणसाविषयी एक शब्दही नाही. सरांना पटलं नाही तर तेही आकड्यानेच उत्तर देतील, आणि कदाचित नियमातला तिला न दिसलेला एखादा बारकावा सांगतील.

टेस्ट केसेस वाचणाऱ्याने स्वतः दुरुस्त करू नयेत, हाही आग्रह या पुस्तिकेत आहे. अभिप्राय द्यावा, बदल लिहिणाऱ्याने करावा. बदललेला संच पुन्हा पाहावा, पण तेव्हा फक्त बदललेल्या केसेस आणि तक्त्यातल्या त्यांच्या ओळी पाहिल्या तरी चालतात.

पुढच्या पानावर पाच नियम पुन्हा छापले आहेत, आणि त्यानंतर कांद्याच्याच व्यवहारावरचा एक नवा, मोठा संच आहे. तो या प्रस्तावनेत आलेला नाही. पान उलटल्यावर आधी नियमांवरून आपली यादी करा, मगच संच वाचा. तीन फेऱ्या वेगवेगळ्या घ्या. प्रत्येक अभिप्रायापुढे टेस्ट केसचा क्रमांक आणि तिला न पकडता येणारी चूक लिहा. आमच्या नोंदी पुस्तिकेच्या अखेरीस दिल्या आहेत. त्यांच्याशी आपल्या नोंदी ताडून पाहा. आम्हाला न सापडलेली एखादी जागा तुम्हाला सापडली, तर पुढच्या आवृत्तीच्या चेकलिस्टमध्ये तिचा प्रश्न येईल.

नाशिक